एक पिंपळ, तीन कॉपी : बातमी, फीचर आणि अग्रलेख लिहिताना या चुका टाळा

नागपुरातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर मी बरीच वर्षं काढली. आता आठवड्यातून दोन संध्याकाळी पत्रकारितेच्या मुलांना लिहायला शिकवतो. पहिल्या महिन्यात मी त्यांना एक कागद देतो. त्यावर एका घटनेची माहिती असते आणि तिच्यावरून तीन गोष्टी लिहून आणायच्या असतात : एक बातमी, एक फीचर, एक अग्रलेख. बहुतेक जण तीन वेळा एकच मजकूर आणतात. बातमीत थोडे अश्रू घातले की त्यांचं फीचर होतं आणि शेवटी "प्रशासनाने लक्ष द्यावे" हे वाक्य जोडलं की अग्रलेख. परीक्षेत फरकाचे सहा मुद्दे विचारले तर हीच मुलं तक्ता आखून देतात. लिहायला बसली की तक्ता कुठे जातो, कोण जाणे.

कागदावरची घटना मी रचलेली आहे. पश्चिम नागपुरातला एक चौक. रस्ता रुंदीकरणासाठी महापालिकेच्या कंत्राटदाराने तिथला पिंपळ तोडला. काम रात्री दीडला सुरू झालं, चारला संपलं. एक फांदी वीजतारेवर पडली आणि चाळीसेक घरांची वीज सकाळी नऊपर्यंत गेली. रहिवासी म्हणतात, झाडावर नोटीस लावलीच नव्हती. उद्यान विभाग म्हणतो, बारा दिवस आधी लावली होती. पिंपळाखाली चहाची टपरी होती. सगळे म्हणतात, झाड शंभर वर्षांचं होतं. कागदावर एवढंच असतं, बाकीचं विचारून आणायचं. पात्रांच्या भूमिकेत मी स्वतःच बसतो, म्हणजे मला फोन करून अधिकारी, टपरीवाले, शेजारच्या आजी, कुणालाही प्रश्न विचारता येतात.

यातल्या शंभर वर्षांवर लक्ष ठेवा. तिन्ही प्रकारांतला फरक मला याच एका तपशिलावरून समजावून सांगायला सोपा जातो.

बातमी : गोष्ट सांगायला बसू नका

गेल्या वर्षीची एक कॉपी जवळपास जशीच्या तशी देतो :

"नागपूर : पिंपळ हा भारतीय संस्कृतीत पवित्र वृक्ष मानला जातो. अशाच एका शंभर वर्षे जुन्या पिंपळाच्या सावलीत अनेक पिढ्या वाढल्या. सोमवारी मध्यरात्री परिसर गाढ झोपेत असताना अचानक यंत्रांची घरघर सुरू झाली. नागरिक घराबाहेर आले तेव्हा त्यांना धक्काच बसला. विकासाच्या नावाखाली या वृक्षावर निर्दयपणे करवत चालवण्यात आली होती. या प्रकाराने नागरिकांमध्ये तीव्र संताप व्यक्त होत आहे."

वाचायला वाईट नाही. पण झाड तोडलं हे कळायला पाचव्या वाक्यापर्यंत थांबावं लागतं, आणि कुणी तोडलं, कशासाठी तोडलं, हे तिथेही कळत नाही. ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने सांगणं ही माणसाची सवय असते. आपण घरी तसंच सांगतो. बातमीत मात्र घटनेचा शेवट पहिल्या वाक्यात येतो आणि पुढचा मजकूर महत्त्वाच्या उतरत्या क्रमाने लागतो. पुस्तकात याला उलटा पिरॅमिड म्हणतात.

त्यामागचं कारण पानावर कळतं. रात्री पान लावताना ऐनवेळी जाहिरात आली की बातमीला कात्री लागते आणि ती खालून लागते, कारण मधली वाक्यं निवडत बसायला कुणाला वेळ नसतो. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापायच्या काळात तर खालच्या ओळी उचलून बाजूला ठेवणं हाच एक जलद मार्ग होता. म्हणून बातमी अशी लिहायची की शेवटचा परिच्छेद गेला, त्याच्या वरचा गेला, तरी उरलेली बातमी पूर्णच वाटली पाहिजे. वरची कॉपी खालून दोन वाक्यांनी कापून बघा. नागरिकांना धक्का बसला एवढ्यावर ती थांबते आणि झाडाचं काय झालं ते शेवटपर्यंत कळत नाही.

कापून बघणं हीच माझी तपासणी. आपली बातमी हाताने झाका, फक्त पहिला परिच्छेद उघडा ठेवा आणि कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे हे ककार मोजा. सहाच्या सहा तिथे हवेतच असं नाही, उलट सगळे कोंबायला गेलं की चाळीस शब्दांचं न सुटणारं वाक्य तयार होतं. पण 'काय झालं' आणि 'कुणी केलं' पहिल्या परिच्छेदात नसेल तर ती अजून बातमी झालेली नाही.

आता 'केव्हा'चं बघा. मुलं हटकून "सोमवारी मध्यरात्री" लिहितात. एकाने वादही घातला, "सर, झाड तर सोमवारच्या रातीच तोडलं नं, मग सोमवारच झाला नं?" नाही झाला बाप्पा. दीड वाजता कॅलेंडरवर मंगळवार असतो. "सोमवारी मध्यरात्री" वाचून कुणी रविवारची रात्र संपतानाची वेळ समजतो, कुणी सोमवारची. "मंगळवारी पहाटे दीड ते चारच्या दरम्यान" असं लिहिलं की वाद मिटतो.

दुरुस्त केलेला इंट्रो असा :

"रस्ता रुंदीकरणासाठी चौकातील जुना पिंपळ महापालिकेच्या कंत्राटदाराने मंगळवारी पहाटे तोडला. तोडीपूर्वी झाडावर नोटीस लावली नव्हती, असा आरोप रहिवाशांनी केला आहे. नोटीस बारा दिवसांपूर्वीच लावल्याचे उद्यान विभागाने सांगितले."

यात दु:ख नाही, राग नाही, तरी प्रकरण कुठे पेटणार आहे ते वाचकाला कळलं. दुसऱ्या परिच्छेदात वीज गेल्याचं, तिसऱ्यात परवानगीच्या आदेशाचं आणि कामाच्या कारणाचं, त्यानंतर रहिवाशांचं म्हणणं. पिंपळाचं पावित्र्य सगळ्यात खाली, तेही जागा उरली तर.

काही मुलं वीज जाण्याला पहिला मान देतात. त्यात चूक नाही, फक्त वाचक कोण ते बघायचं. त्याच वस्तीचा ग्रुप चालवणाऱ्याला आधी वीज सांगावी लागेल. शहरभर जाणाऱ्या अंकात नोटिशीचा वाद मोठा, कारण तो उद्या कुठल्याही चौकात उभा राहू शकतो.

बातमीत शिरलेलं मत ओळखायचं कसं

"निर्दयपणे" आणि "विकासाच्या नावाखाली" ही मतं आहेत हे मुलांना सांगितलं की पटतं. ती खोडणं सोपं. न दिसणारी मतं जास्त त्रास देतात.

पहिलं म्हणजे "नागरिकांमध्ये तीव्र संताप". मराठी बातमीतलं हे सगळ्यात झिजलेलं वाक्य असावं. मी विचारतो, किती नागरिक? नाव काय? ते काय म्हणाले? बहुतेक वेळा उत्तर असतं, "टपरीवर दोघं बोलत होते." मग तेच लिहा. एका रहिवाशाने सांगितलं की सकाळी दूध आणायला गेलो तेव्हा झाड नव्हतं. हे वाक्य "तीव्र संताप"पेक्षा जास्त सांगतं आणि उद्या कुणी विचारलं तर त्याला आधारही असतो.

दुसरं, क्रियापदं. अधिकाऱ्याने "सांगितले", "दावा केला", "कबूल केले", "सारवासारव केली" ही चार क्रियापदं म्हणजे चार वेगवेगळे निकाल आहेत. "दावा केला" लिहिलंत की तुम्ही त्याच्यावर शंका घेतलीत. "कबूल केले" लिहिलंत की तो गुन्हेगार झाला. अधिकाऱ्याने नोटिशीची तारीख सांगितली असेल तर "सांगितले" पुरे. दोन्ही बाजू मांडताना तर क्रियापद जपूनच निवडावं. रहिवासी "म्हणाले" आणि अधिकारी "दावा करतात" असं लिहिलं की तराजू आधीच झुकला.

आणि तिसरी ती शंभर वर्षं. तोडलेल्या झाडांच्या बातम्यांत झाडं हटकून शंभर वर्षांची असतात. कुणी मोजली? बुंध्यातली वलयं मोजू म्हणाल तर आपल्याकडच्या हवामानात पिंपळाच्या लाकडात वर्षाला एक असं स्पष्ट वलय भरवशाने मिळत नाही. म्हणजे हा आकडा लोकांच्या तोंडचा आहे आणि बातमीत तो तसाच जायला हवा : "हे झाड शंभर वर्षांचे असल्याचे रहिवाशांचे म्हणणे आहे." आपल्या तोंडी घ्यायचा नाही. उद्यान विभागाच्या आदेशात वय लिहिलेलं असेल तर तेही द्यायचं, दोन आकडे जुळत नसले तरी. जुळत नसतील तर उलट ती नवी बातमी.

हा काटेकोरपणा उगाच वाटेल, पण नागरी भागातल्या झाडांसाठी महाराष्ट्रात 1975 चा कायदा आहे आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर त्यात झाडाच्या वयाला फार महत्त्व आलं आहे. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्षात मोडतं, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची असतात. म्हणजे वयाचा आकडा सजावटीचा नाही, त्यावर हिशेब आहे. बातमीदाराने हा प्रश्न विचारला नाही तर तो पुढे कुणीच विचारत नाही.

फीचर : बातमीला पाणी घालून वाढवू नका

हेच प्रकरण रविवारच्या पुरवणीसाठी लिहायला सांगितलं की दोन टोकाच्या कॉप्या येतात. एक म्हणजे बातमीच, फक्त लांब. पहिल्या परिच्छेदात सगळं सांगून टाकलेलं असतं, मग वाचक चौथ्या परिच्छेदापर्यंत कशाला येईल? उलटा पिरॅमिड फीचरला मारतो, कारण तो वाचकाला दर ओळीला उठून जायची परवानगी देतो. फीचरमध्ये वाचकाला शेवटपर्यंत धरून ठेवायचं असतं, म्हणून काहीतरी मागे राखून ठेवावं लागतं.

दुसऱ्या टोकाची कॉपी म्हणजे निबंध. "पक्ष्यांचा आक्रोश", "मूक साक्षीदार", "काळाच्या ओघात". यातलं एकही विशेषण त्या चौकातलं नसतं. पिंपळाच्या जागी वड घाला, विहीर घाला, जुनं टॉकीज घाला, निबंध तसाच चालतो. इथे मी मुलांना हीच कसोटी लावायला सांगतो : वस्तू बदलून बघा. मजकूर तरीही चालत असेल तर तुम्ही तिथे गेलाच नव्हता.

एका मुलीने मात्र मला टपरीवाल्याच्या भूमिकेत चांगलं अर्धा तास पिळलं. "काका, तुम्ही ताडपत्री कशाला बांधत होते?" खोडाला. "खोडाला कशी?" कडी ठोकली होती. "कडी कधी ठोकली?" टपरी टाकली तेव्हा. "आता ती कडी कशी दिसत होती?" इथे मी अडकलो. मग डोळ्यांपुढे आणलं आणि सांगितलं. तिच्या फीचरची सुरुवात अशी झाली :

"टपरीमागच्या खोडात एक लोखंडी कडी होती. ताडपत्रीची दोरी बांधायला काकांनी ती ठोकली तेव्हा बोट आत जाईल एवढी बाहेर होती. वर्षागणिक सालीने तिला पोटात घेतलं. शेवटी शेवटी नुसता काळा काठ दिसायचा आणि दोरी ओवायला तार वाकवावी लागायची. मंगळवारी सकाळी काकांनी आधी कडी शोधली. ती असलेला ओंडका ट्रकमध्ये सगळ्यात खाली होता."

यात झाड जुनं होतं असं कुठेही लिहिलेलं नाही. कडीने ते सांगितलं. शंभर वर्षांचा आकडा बातमीत दुसऱ्याच्या तोंडी होता, फीचरमध्ये त्याची गरजच उरली नाही.

एवढं झाल्यावर तिनेही पुढची ठरलेली चूक केली. कडीवरून ती टपरीवाल्याच्या बालपणात गेली, तिथून पिंपळाच्या औषधी गुणांवर, आणि वाचक मनात विचारत राहिला, हे सगळं मी का वाचतोय? चित्र उभं केल्यावर, दुसऱ्या किंवा तिसऱ्या परिच्छेदात, फीचरने एकदा थांबून सांगायचं असतं की हे आज का आणि कशाबद्दल. तिने ते नंतर घातलं : "गेल्या मंगळवारी पहाटे हा पिंपळ तोडला गेला. नोटीस लावली होती की नाही यावर वाद सुरू आहे. पण झाडावर चिकटवलेला कागद कोण वाचतं, आणि वाचला तर पुढे काय करता येतं, हे चौकातल्या फार थोड्यांना माहीत होतं." या तीन वाक्यांनी फीचरला कणा मिळाला. त्यानंतर कायद्याने नोटीस झाडावर ठळक जागी आणि वर्तमानपत्रात का द्यायची असते, हरकत कुणाकडे नोंदवायची, हे सगळं रटाळ न होता येऊ शकतं, कारण वाचकाला आता ते हवं आहे. पुस्तकी विभागणीत फीचरचा उद्देश 'मनोरंजन' असा लिहिलेला असतो. मला ते कधीच पटलं नाही. चांगलं फीचर बातमीपेक्षा जास्त माहिती देतं, फक्त माणसाच्या हाताने देतं.

फीचरमध्ये सगळ्यात मोठा धोका रंग भरण्याचा. रात्री दीड वाजता तुम्ही तिथे नव्हता, तर "थंड वाऱ्यात पाने सळसळत होती" लिहायचं नाही. कुणीतरी पाहिलेलं, ऐकलेलं असेल तर त्याच्या नावाने लिहा. आणि दुसरी बाजू इथेही लागते. उद्यान विभागाचा जो माणूस नोटीस चिकटवायला आला होता त्याला गाठा. तो कदाचित सांगेल की डिंक लावून कागद लावला, दुसऱ्या दिवशी पावसाने गेला. ही ओळ मिळाली तर फीचरच्या मध्यावरचं वळण तीच.

शेजारच्या आजींचंही असंच झालं. फीचरसाठी एका मुलाने त्यांना विचारलं तेव्हा (म्हणजे मलाच) कळलं की त्या 1968 साली लग्न होऊन या गल्लीत आल्या आणि तेव्हाही पिंपळाला दोन माणसांच्या हाताचा वेढा लागायचा. मुलाने ते भावुक कोट म्हणून टाकलं. मी त्याला वर्गातच उभं केलं आणि विचारलं, अरे, ही बातमी नाही का? आजींचं खरं असेल तर झाड पन्नास वर्षांच्या वरचं ठरतं, म्हणजे वारसा वृक्ष. फीचर शोधताना बातमी हाती लागली तर आधी सिटी डेस्कला सांगायचं आणि आदेशात वय काय लिहिलंय ते विचारून यायचं. रविवारपर्यंत दाबून ठेवायचं नाही.

अग्रलेख : हात जोडून संपवू नका

अग्रलेखाच्या कॉप्या वाचताना मला सगळ्यात जास्त चहा लागतो. ठरलेला साचा असा : पहिला अर्धा भाग बातमीचा सारांश, मग पर्यावरणाचं महत्त्व, मग "एकीकडे विकास हवा, दुसरीकडे पर्यावरणही जपले पाहिजे", आणि शेवटी "प्रशासनाने याचा गांभीर्याने विचार करणे काळाची गरज आहे". या मजकुरावर आयुक्तांनी सही केली असती, कंत्राटदारानेही केली असती. ज्याच्याशी कुणीच असहमत होऊ शकत नाही ते मत नसतं.

कसोटी सोपी आहे. तुमच्या अग्रलेखातलं मुख्य वाक्य काढा आणि त्याच्या उलट वाक्य लिहा. "पर्यावरण जपू नये" असं कुणी म्हणेल का? नाही. मग मूळ वाक्यही पोकळ. आता हे बघा : "झाडाचे वय आदेशात नोंदवल्याशिवाय तोडीची परवानगी देऊ नये." याच्या उलट म्हणणारे लोक आहेत. वय अचूक ठरवणं कठीण असतं, त्यासाठी कामं किती दिवस अडवायची, असं एखादा अभियंता म्हणेलच. म्हणजे हे मत आहे, अग्रलेख यावर उभा राहू शकतो.

ते वाक्य पहिल्या दोन परिच्छेदांत यायला हवं. बातमीचा सारांश दोन ओळींपेक्षा जास्त नको, वाचकाने ती काल वाचलेली असते. त्यानंतर मुलं टाळतात ती गोष्ट : समोरच्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा, त्याच्याच ताकदीने. आपल्या प्रकरणात तो असा आहे : तोड रात्री केली कारण दिवसा त्या रस्त्यावर क्रेन उभी करता येत नाही आणि फांदी पडून कुणाला लागलं असतं तर हेच लोक ओरडले असते. हे खरं आहे. म्हणून "रात्रीच्या अंधारात पाप" वगैरे लिहिणारा अग्रलेख दुसऱ्या दिवशी एका खुलाशात आडवा होतो. त्यापेक्षा मान्य करा की रात्र योग्य होती, आणि मग विचारा की रात्र योग्य होती तर आदल्या संध्याकाळी चौकात तसा फलक लावायला काय हरकत होती? क्रेनला रात्र लागते, कळवायला लागत नाही.

एका मुलाने या वळणावर दोन ओळी लिहिल्या, त्या मला अजून आठवतात : "आम्ही रात्री तोडण्याच्या विरोधात नाही. रात्री कळण्याच्या विरोधात आहोत." यातला 'आम्ही' बरोबर आहे. अग्रलेखाखाली नाव नसतं, तो वृत्तपत्राचा आवाज असतो. "मला वाटते" आलं की तो स्तंभ झाला, मग नाव आणि फोटो टाकून शेजारच्या जागेत लावा.

आणि मागणी. "प्रशासन" नावाचं कुणी नसतं. वृक्ष प्राधिकरण असतं, आयुक्त असतात, उद्यान विभाग असतो. कुणी, काय, कधीपर्यंत करावं हे लिहा : वय आदेशात नोंदवा, नोटीस लावल्याचा तारखेसह फोटो फाईलला जोडा, या पिंपळाचं वय किती धरलं आणि त्यापोटी किती झाडं कुठे लावणार ते जाहीर करा. शंभर वर्षांचा आकडा इथे तिसऱ्यांदा आला, आता मागणी म्हणून. अग्रलेखाने "शंभर वर्षांचा पिंपळ" असं ठोकून दिलं असतं तर पालिकेने एका ओळीत "नोंदीनुसार चाळीस" म्हणून सगळा लेख उडवला असता. "नोंद दाखवा" म्हणणाऱ्याला असं उडवता येत नाही.

मथळ्यातही फरक दिसतो. टिळकांनी 6 जुलै 1897 च्या केसरीत "सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?" असा मथळा दिला तो अग्रलेखावर. बातमीवर तो चालला नसता, कारण बातमीच्या मथळ्याने प्रश्न विचारला की वाचक म्हणतो, तुम्हालाच माहीत नाही तर छापलं कशाला? आपल्या प्रकरणात बातमीला "चौकातील पिंपळ पहाटे तोडला, नोटिशीवरून वाद", फीचरला "सालीत गेलेली कडी" आणि अग्रलेखाला "वय लिहा, मग तोडा". हे तीन मथळे एकमेकांच्या जागी लावून बघा, लगेच खटकतात. तुमच्या कॉपीवर तिन्ही मथळे सारखेच शोभत असतील तर कॉपी अजून ठरलेली नाही.

छापील अंकात अग्रलेख त्याच्या पानावर, ठरलेल्या कोपऱ्यात असतो, त्यामुळे हे मत आहे हे वाचकाला न सांगता कळतं. मोबाइलवर एकच लिंक फिरते आणि तो कोपरा गळून पडतो. म्हणून तिथे मथळ्याच्या वर "अग्रलेख" हा शब्द लिहाच. नाहीतर खाली शिव्या येतात त्या बहुतेक "ही बातमी एकतर्फी आहे" अशा असतात, आणि त्या वाचकाची चूक नसते.

डेस्कवर होणारी चूक

ही माझी स्वतःची. तेव्हा मी नवा होतो, रविवारची पुरवणी शनिवारी दुपारी सुटायची. एका ज्येष्ठ सहकाऱ्याचं विणकरांवरचं फीचर पानावर बारा ओळी जास्त होत होतं. मी बातमीच्या सवयीने खालून बारा ओळी उडवल्या आणि जेवायला गेलो. सोमवारी ते माझ्या टेबलाशी आले, रागावले नाहीत, फक्त विचारलं, "तुम्ही घर पाहायला गेले आणि दारातूनच परत आले काय?" त्या बारा ओळींत, पहिल्या परिच्छेदात बंद पडलेला माग पुन्हा चालू झाला होता. सगळं फीचर तिकडेच चाललं होतं. मी छापलं त्यात माग बंदच राहिला.

फीचर मधून कापायचं असतं : एखादी जास्तीची मुलाखत, इतिहासाचा दुसरा परिच्छेद, दोनदा आलेला तपशील. त्याला वेळ लागतो आणि शनिवारी दुपारी तो नसतो. म्हणून मी मुलांना फीचर ठरलेल्या शब्दांत बसवूनच द्यायला सांगतो आणि कॉपीच्या वर पेनाने लिहायला लावतो : "जागा कमी पडल्यास चौथा व सातवा परिच्छेद काढावा. शेवट कापू नये."